पानावरच्या किडीचा फोटो अस्पष्ट येत असेल तर

पऱ्हाटीच्या पानाखालचे तुडतुडे कृषी सहायकांना दाखवायचे असतात, म्हणून आपण फोन पानाला जवळजवळ टेकवतो, आणि नेमका तोच फोटो धूसर येतो. प्रत्येक लेन्सला फोकससाठी किमान अंतर लागते. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला ते साधारण 10 ते 15 सेंटिमीटर असते, काही मोठ्या सेन्सरच्या फोनमध्ये त्याहूनही जास्त. त्याच्या आत गेल्यावर स्क्रीनवर कितीही वेळा बोट टेकवले तरी चित्र स्पष्ट होत नाही.

1. पान उलटे करून दुसऱ्या हाताने देठाजवळ घट्ट धरावे, म्हणजे वाऱ्याने ते हलणार नाही.
2. फोन एक वीतभर लांब धरून 2x झूम करावा आणि किडीवर बोट टेकवावे.
3. पानाच्या शिरा ठळक दिसेपर्यंत फोन हळूहळू मागे-पुढे करावा, दोन-तीन फोटो घ्यावेत आणि नंतर नको असलेला भाग कापून टाकावा.

स्वस्त फोनमधील वेगळ्या 2 मेगापिक्सेलच्या मॅक्रो लेन्सपेक्षा असा कापलेला फोटो मला बहुधा अधिक उपयोगी वाटतो. तरीही ती वापरायची असल्यास, तिचा फोकस बहुतेक वेळा सुमारे 4 सेंटिमीटरवर कायमचा बसवलेला असल्यामुळे, फोनच पुढे-मागे करावा लागतो.

एक काळजी घ्यावी: इतक्या जवळून फोनची सावली पानावर पडते, तेव्हा सूर्य पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवावा.