मागे जोडीदार, मध्ये मूल: बाइक पारखताना या चुका टाळा

बाइक बघायला गेल्यावर जोडीदाराला मागे बसवून "नीट वाटतंय ना?" असं विचारलं जातं. उत्तर "हो" येतं, कारण तेव्हा मूल मध्ये नसतं. मूल बसलं की मागचा माणूस वीतभर मागे सरकतो, आणि सीट, फूटरेस्ट, ग्रॅब रेल या सगळ्यांचा हिशोब बदलतो.

समजा, टाकीपासून ग्रॅब रेलपर्यंत सीट 75 सेंटीमीटर आहे. चालवणाऱ्याला 33 लागले, मुलाला 20, तर मागे उरले 22. मोठ्या माणसाला नीट टेकायला साधारण 30 तरी हवेत. म्हणजे कंबर रेलच्या कडेवर येते. फूटरेस्ट मात्र जागच्या जागी असतं, त्यामुळे पाय पुढे आणि वजन मागे. स्पीडब्रेकर आला की पायांवर भार देऊन उठता येत नाही आणि दणका थेट माकडहाडाला बसतो. म्हणून तिघांनी हेल्मेट घालूनच बसून बघा (हेल्मेटही जागा खातं). बाइक कुणाला तरी सरळ धरायला सांगा. साइड स्टँडवर ती कलते आणि अंदाज चुकतो. मग मागच्याला चालवणाऱ्याच्या खांद्याचा आधार न घेता किंचित उठायला सांगा. जमलं नाही, तर त्या जागेसाठी फूटरेस्ट फार पुढे किंवा फार उंच आहे.

ग्रॅब रेल आहे एवढंच बघणं ही दुसरी चूक. मागच्याचा एक हात मुलाला धरण्यात अडकलेला असतो, त्यामुळे रेल एकाच हाताने, मनगट न पिळता, मुठीत यायला हवी. पाठीमागे एकच आडवी दांडी असण्यापेक्षा दोन्ही बाजूंना, कमरेच्या जवळ असलेली रेल मला केव्हाही बरी वाटते. मागे पेटी लावणार असाल, तर ती लावल्यावर बोटं शिरतात का, तेही बघा.

घेतल्यावर त्रास होत असेल तर दुखणं कुठे आहे ते विचारा. गुडघे आखडत असतील तर फूटरेस्ट उंच आहे. खांदा-मनगट दुखत असेल तर रेलची जागा चुकली. माकडहाड दुखत असेल तर आधी मागचा सस्पेन्शन बघा: वजनाने बाइकचं बूड दबलं की सीट मागे उतरते आणि माणूस रेलवर घसरतो. प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवणं आणि टायरमध्ये पूर्ण वजनासाठी सांगितलेली हवा भरणं हा त्यावरचा स्वस्त उपाय. तिघांचं वजन मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर जात असेल, तर मात्र इलाज नाही.

मुलाच्या पायांना मध्ये टेकू नसतोच. ते लोंबकळताना इंजिनला किंवा सायलेन्सरला लागतात का, हे गाडी थंड असताना तपासा. जागा पुरत नाही म्हणून मुलाला टाकीवर बसवू नका: हँडल वळताना ते अडतं, आणि ब्रेक लागला की मागच्या दोघांचं वजन त्याच्यावर येतं.