मराठी स्पेलिंग बीची शब्दयादी: सोप्यापासून अतिअवघडापर्यंत चढवताना या चुका टाळा

इंग्रजी स्पेलिंग बी पाहून आता बऱ्याच शाळा आणि मंडळे मराठी शब्दांचीही तशीच स्पर्धा घेऊ लागली आहेत. गट साधारण तीन असतात: तिसरी-चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी. स्पर्धेची तारीख ठरते, पंच ठरतात, बक्षिसे येतात. शब्दयादी मात्र शेवटच्या आठवड्यात कोणीतरी एकटा बसून करतो आणि स्पर्धेतल्या बहुतेक तक्रारी त्या यादीतूनच उगवतात.

शब्दाची लांबी मोजून काठिण्य ठरवणे

ही सगळ्यांत मोठी चूक. 'खडखडाट' पाच अक्षरी म्हणून मोठ्या गटात जातो आणि 'मंदिर' तीन अक्षरी म्हणून लहान गटाच्या पहिल्या फेरीत. प्रत्यक्षात तिसरीतला मुलगा 'खडखडाट' नुसता ऐकून बरोबर लिहितो आणि 'मंदिर' लिहिताना मोठी माणसेही 'मंदीर' करतात. अपरिचित शब्द म्हणजे अवघड शब्द, ही समजूतही तशीच फसवी आहे. 'अवडंबर' हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला नसतो, तरी तो लिहिताना कान पुरतो. 'परीक्षा' रोज कानावर पडतो आणि तिथेच मुले घसरतात.

याचे कारण आपल्या उच्चारात आहे. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा इ किंवा उ आपण लांबवतो. शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार-उकारही लांबवतो. त्यामुळे 'विहीर', 'मंदिर' आणि 'शरीर' या तिन्हींचा शेवट कानाला सारखाच लागतो. लिहिताना मात्र 'विहीर' हा मराठी शब्द असल्यामुळे नियमाने दीर्घ होतो. 'मंदिर' संस्कृतात ऱ्हस्व आहे म्हणून मराठीतही ऱ्हस्वच राहतो आणि 'शरीर' मुळातच दीर्घ आहे. पुढे सामान्यरूप केले की गंमत आणखी वाढते. 'विहीर'चे 'विहिरीत' होते, म्हणजे दीर्घ होता तो ऱ्हस्व झाला. 'शरीर' तत्सम असल्यामुळे 'शरीरात' दीर्घच राहतो. 'मंदिरात' आधीच ऱ्हस्व आहे.

म्हणून शब्द हातात घेतला की एकच प्रश्न विचारावा: हा बरोबर लिहायला मुलाला कशाचा आधार लागेल? नुसता कान पुरतो का, एखादा नियम माहीत असावा लागतो का, की शब्द डोळ्यांनी पाहून लक्षातच ठेवावा लागतो? कान, नियम आणि स्मरण या तीन आधारांवर यादी उभी केली की तिची चढण खरी होते.

लहान गटाच्या सोप्या पायरीवर 'पावसाळा', 'आगगाडी', 'खडखडाट' असे कानाचे शब्द ठेवावेत. मधल्या पायरीवर एकाच सोप्या नियमाचे शब्द येतील. उदाहरणार्थ, मराठी शब्दात अनुस्वार असलेल्या अक्षराचा इकार-उकार ऱ्हस्व असतो: भिंत, चिंच, लिंबू, उंच. अवघड पायरीवर 'फूल', 'गरीब', 'वकील' असे उपान्त्य दीर्घाचे शब्द घ्यावेत आणि अगदी वरच्या पायरीवर 'मंदिर', 'पंडित' यांसारखे मोजके तत्सम शब्द.

पाचवी ते सातवीसाठी सुरुवात 'विहीर', 'लाकूड' इथून करता येते. मग 'विहिरीत', 'गरिबांना', 'लाकडाला' अशी सामान्यरूपे आणावीत. मूळ शब्द येणाऱ्या मुलाला नियम खरेच कळला आहे का, हे इथे दिसते. त्यानंतर जोडाक्षरापूर्वीचे इकार-उकार घ्यावेत. मराठी शब्दात ते सहसा ऱ्हस्व असतात (मुक्काम, शिस्त), पण 'कीर्ती', 'तीक्ष्ण', 'सूक्ष्म' हे तत्सम शब्द मुळातले दीर्घ सोडत नाहीत. या गटाच्या टोकाला 'आशीर्वाद', 'उज्ज्वल', 'महत्त्व', 'ज्येष्ठ' शोभतात.

मोठ्या गटात नुसते पाठांतर तपासण्यापेक्षा फोड तपासणारे शब्द मला जास्त मोलाचे वाटतात. 'परिस्थिती'तला रि ऱ्हस्व आणि 'परीक्षा'तला री दीर्घ का? कारण दुसऱ्यात परि आणि ईक्षा यांचा संधी आहे. हे कळलेले मूल 'प्रतीक्षा' आणि 'निरीक्षण' न चुकता सांगते. समासही असेच. 'कवी', 'बुद्धी', 'गुरू' सुटे लिहिताना दीर्घ आणि समासात पहिले पद झाले की 'कविवर्य', 'बुद्धिबळ', 'गुरुपौर्णिमा'. 'नदीकाठ' मात्र दीर्घ, कारण 'नदी' मुळातच दीर्घ आहे. त्याच्याही वर 'विद्यार्थिगृह', 'मंत्रिमंडळ', 'पक्षिमित्र' ठेवावेत. 'शुश्रूषा', 'कुतूहल', 'निर्भर्त्सना', 'जिजीविषा' हे शेवटच्या दोन-तीन स्पर्धकांसाठी राखून ठेवायचे शब्द.

जुन्या कोशातून शब्द उचलणे

मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर सहज सापडतो, त्यामुळे यादी करणारे थेट तिथून शब्द उतरवतात. हे दोन्ही कोश अर्थासाठी अमूल्य आहेत, पण ते आजच्या लेखननियमांच्या आधीचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. न उच्चारले जाणारे अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. जुन्या कोशात 'नांव', 'कांहीं' असे दिसेल, आज 'नाव', 'काही' बरोबर आहे. यादीत असा एखादा जुना शब्द शिरला की बरोबर सांगणारे मूल बाद होते.

यादीचा प्रत्येक शब्द आजच्या एका लेखनकोशात पाहून घ्यावा. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' किंवा यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश', यांपैकी कोणताही एक प्रमाण धरावा, त्याचे नाव स्पर्धेच्या माहितीपत्रकातच छापावे आणि वाद झाला तर तोच कोश उघडावा. आयत्या वेळी दोन-तीन कोश समोर ठेवले तर वाद मिटत नाही, वाढतो.

दोन रूपे चालतात असे शब्द यादीत राहणे

तत्सम शब्दांत अनुस्वाराऐवजी परसवर्ण लिहायला नियमांनीच मुभा दिली आहे. म्हणजे 'पंडित' लिहा की 'पण्डित', दोन्ही बरोबर. असा शब्द यादीत हवाच असेल तर पंचांच्या प्रतीत दोन्ही रूपे छापलेली असावीत. 'ऱ्हस्व' आणि 'ह्रस्व' अशी दोन्ही रूपे चांगल्या छापील मजकुरातही दिसतात, असे शब्द सरळ वगळावेत. 'वेदांत' आणि 'वेदान्त' यांत तर अर्थच बदलतो, पहिला वेदांमध्ये, दुसरा तत्त्वज्ञानाची शाखा. विशेषनामेही टाळावीत, कारण माणसे आपले नाव आपल्याला हवे तसे लिहितात.

शब्द नुसता उच्चारून सोडणे

'दिन' की 'दीन'? 'शिर' की 'शीर'? 'सुत' की 'सूत'? उच्चारून फरक कळत नाही आणि मुलाने अंदाज बांधावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. एखादी मुलगी "बाई, वाक्य सांगा ना" म्हणते तेव्हा वाचणाऱ्याला ते जागच्या जागी सुचत नाही, आणि सुचलेच तर त्यातून उत्तर फुटू शकते. म्हणून प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि एक वाक्य आधीच लिहिलेले हवे. 'मिलन' असेल तर 'दोन नद्यांचे मिलन इथे होते', 'मीलन' असेल तर 'डोळ्यांचे मीलन म्हणजे पापण्या मिटणे'. वाक्यात तोच शब्द दुसऱ्या रूपात येऊ देऊ नये.

ऋ आणि रु यांच्यावरही लक्ष हवे. आपण 'तृप्ती'तला तृ आणि 'त्रुटी'तला त्रु जवळजवळ सारखाच उच्चारतो. म्हणून हे दोन शब्द स्मरणाच्या पायरीवर जातात, लहान गटाच्या सोप्या फेरीत नाही. उलट 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत उच्चाराचा फरक खरोखर आहे, समुद्र तो दर्या आणि दरीचे अनेकवचन दऱ्या. पण वाचणाऱ्याने तो फरक नीट केला पाहिजे, म्हणून अशा शब्दांचा सराव त्याच्याकडून आधी करून घ्यावा.

तोंडी फेरीत मूल उत्तर कसे सांगणार, हेही यादीतच लिहावे. 'महत्त्व' म्हणजे 'म, ह, अर्धा त, अर्धा त, व'. 'कीर्ती' म्हणजे 'क ला दुसरी वेलांटी, त ला दुसरी वेलांटी, त वर रफार'. काही शाळांत 'पहिली वेलांटी' म्हणतात, काहींत 'ऱ्हस्व इकार'. दोन्ही मान्य असल्याचे सुरुवातीलाच जाहीर करावे. पाचवी आणि पुढच्या मुलांना तोंडी सांगणे जमते, पण तिसरी-चौथीसाठी फळ्यावर किंवा पाटीवर लिहून दाखवणेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका फेरीत उंच-सखल शब्द

यादी एकूण चढती असते, पण दुसऱ्या फेरीत एकाला 'वकील' येतो आणि त्याच्या शेजारच्याला 'आशीर्वाद'. पालक यावर चिडतात, आणि ते बरोबरच चिडतात. एका फेरीतले सगळे शब्द एकाच पायरीचे हवेत, शक्य असेल तर एकाच नियमाचे.

शब्द किती लागतील हेही आधी मोजावे. वीस स्पर्धक धरा. पहिल्या फेरीला वीस, मग चौदा, नऊ, पाच, तीन अशी गळती झाली तर एकावन्न शब्द संपतात. शेवटचे दोघे अडून बसले तर आणखी वीस लागू शकतात, आणि चुकीचा उच्चार झाला म्हणून रद्द करावे लागणारे काही. म्हणजे एका गटासाठी ऐंशीच्या आसपास शब्द तयार हवेत. लहान गटाची वरची पायरी आणि मधल्या गटाची खालची पायरी पातळीने जुळली तर चालते, शब्द मात्र वेगळे हवेत, कारण मधल्या गटाची मुले सभागृहात बसून आधीची स्पर्धा ऐकत असतात.

यादी मुलांवर न तपासता वापरणे

आपल्याला अवघड वाटणारा शब्द मुलांना अवघड वाटेलच असे नाही. स्पर्धेत नसलेल्या एखाद्या वर्गाला यादीतले शब्द वाक्यासह वाचून दाखवावेत आणि लिहून घ्यावेत. वीस मुलांपैकी सतरा-अठरांनी बरोबर लिहिला तर शब्द सोप्या पायरीवर, निम्म्यांच्या आसपास बरोबर असतील तर मधल्या किंवा अवघड पायरीवर, आणि तीन-चारच बरोबर असतील तर वरच्या पायरीवर. एकालाही आला नाही तर तो त्या गटातून काढावा. चुका कशा झाल्या तेही पाहावे. सगळ्यांनी एकच चूक केली, जसे 'शिबिर'चे 'शिबीर', तर शब्द चांगला आहे. प्रत्येकाने वेगळेच काही लिहिले असेल तर बहुधा उच्चार नीट पोचला नव्हता.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यापासून आंतरशालेय स्पर्धेत मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुले एकत्र येतात. परदेशातल्या मराठी शाळांत तर बारा वर्षांचे मूल कधी कधी वाचनाच्या दुसऱ्याच वर्षात असते. तिथे वयापेक्षा मराठी वाचायला लागून किती वर्षे झाली यावर गट पाडावेत, आणि चाचणीही तशाच मिश्र वर्गावर घ्यावी.

शेवटची प्रत छापण्याआधी ती कागदावर काढून मोठ्याने वाचावी. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या यादीत रफार एक अक्षर पुढे सरकलेला असतो, 'ऱ्य'चा 'र्य' झालेला असतो, आणि पडद्यावर भरभर पाहताना हे निसटून जाते.