ऑफर लेटरच्या आधी मॅनेजरचा नंबर मागितला, तर

पुण्यात चार वर्षे एकाच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम केल्यानंतर मी पहिल्यांदा नोकरी बदलायला निघाले. मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्या पार पडल्यावर रिक्रूटरचा फोन आला, की सध्याच्या मॅनेजरचे नाव, नंबर आणि ईमेल पाठवा, म्हणजे ऑफर लेटर लगेच काढतो. ऑफिसमधले एक सीनियर म्हणाले, "देऊन टाक गं, फोन कोणी करत नाही." असा सल्ला देणाऱ्याची स्वतःची नोकरी पणाला लागलेली नसते, त्यामुळे निदान या बाबतीत तरी त्याचे ऐकू नये, असे माझे ठाम मत आहे.

मीही ऐकले नाही. ऑफर लेटर मिळाल्यावर आणि राजीनामा दिल्यावरच मॅनेजरशी संपर्क साधावा, असे मी ईमेलने कळवले आणि "हरकत नाही" असे उत्तरही आले. फसले ती त्यानंतर. दुसऱ्या दिवशी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणाऱ्या बाहेरच्या एजन्सीचा फॉर्म आला. त्यात प्रत्येक कंपनीपुढे रिपोर्टिंग मॅनेजरचे नाव, ऑफिसचा ईमेल आणि मोबाईल असे तीन रकाने होते, तिन्हींवर लाल तारा होता, आणि खाली बारीक अक्षरांत "या कंपनीशी आता संपर्क साधावा का?" असा प्रश्न होता, ज्यापुढे "हो" आधीच निवडलेले होते. रात्री साडेअकरा वाजता, ईमेलवर सांगून झालेच आहे या भरवशावर, मी सगळे रकाने भरले आणि तो प्रश्न न वाचता फॉर्म पाठवला. माझा ईमेल रिक्रूटरकडे होता. एजन्सीने तो पाहिलाच नव्हता, ती तिच्या फॉर्मवर जे लिहिले आहे त्याप्रमाणेच चालते. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला मीटिंग रूममध्ये बोलावून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर माझे नाव, एम्प्लॉयी नंबर आणि "यांना पुन्हा कामावर घ्याल का?" हा प्रश्न होता. ते रागावले नाहीत, पण नव्या क्लायंटच्या प्रोजेक्टमधून माझे नाव निघाले. दोन आठवड्यांनी तिकडची जागाही थांबवण्यात आली, आणि माझ्या हातात कुठलेच पत्र राहिले नाही.

म्हणून ईमेलमध्ये जे लिहिले, तेच फॉर्ममध्येही लिहिलेले असले पाहिजे. नावाच्या रकान्यात "राजीनाम्यानंतर कळवेन" असे लिहावे आणि संपर्काच्या प्रश्नापुढे "नाही" निवडावे. ईमेलचा रकाना रिकामा सोडता येत नसेल तर फॉर्म तिथेच थांबवावा आणि रिक्रूटरने एजन्सीला तशी लेखी सूचना दिल्याशिवाय तो पाठवू नये. मित्राला मॅनेजर म्हणून उभे करण्याची पळवाट मात्र कोणीही घेऊ नये, कारण पडताळणीत ऑफिसचा ईमेल तपासला जातो, एचआरलाही विचारले जाते, आणि खोटेपणा उघडकीला आला तर रुजू झाल्यानंतरसुद्धा नोकरी जाऊ शकते.

आठ महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी हीच मागणी झाली, तेव्हा मी पाठवलेल्या उत्तराचा आशय असा होता: "माझ्या नोकरी बदलण्याविषयी सध्याच्या कंपनीत माहिती नाही, त्यामुळे राजीनामा देईपर्यंत तिथे कोणाशीही संपर्क साधू नये. माझ्या कामाविषयी माझ्या पूर्वीच्या मॅनेजरशी बोलता येईल; ते आता दुसऱ्या कंपनीत आहेत आणि त्यांची संमती मी घेतली आहे. नोकरीच्या पुराव्यासाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि यूएएनवरून काढलेली पीएफची सर्व्हिस हिस्ट्री सोबत जोडली आहे. राजीनामा दिल्यावर मॅनेजरचा नंबर मी स्वतः कळवेन." नकारासोबत एवढे दिले, की रिक्रूटरला वरिष्ठांपुढे ठेवायला काहीतरी मिळते. एवढ्या उत्तराने ऑफर जाईल, ही भीती मलाही होती. रिक्रूटरला ही अडचण नवी नसते, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हते.

दोन दिवसांनी त्यांनी विचारले, की पडताळणीच्या अटीवर ऑफर लेटर दिले तर चालेल का. चालते, पण इथे घाई करू नये. पडताळणी समाधानकारक न झाल्यास ऑफर मागे घेण्याची मुभा अशा अटीत असते, आणि तोपर्यंत तुम्ही राजीनामा देऊन बसलेले असता. म्हणून शिक्षण आणि पत्ता यांची तपासणी पूर्ण झाली असून फक्त सध्याची कंपनी बाकी आहे, हे मी ईमेलवर लिहून घेतले. फोनवरचे "सिलेक्शन झाले आहे" किंवा नुसते लेटर ऑफ इंटेंट यावर राजीनामा देऊ नये; पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख असलेले सहीचे पत्र हातात असावे.

मी सोमवारी सकाळी मॅनेजरना स्वतः भेटून सांगितले, दुपारी राजीनाम्याचा ईमेल केला, आणि तो स्वीकारल्याचे उत्तर आल्यावर बुधवारी त्यांचा नंबर रिक्रूटरला दिला. त्याच संध्याकाळी ते माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाले, "आला होता फोन. तारखा आणि पद विचारले, सांगितले."