फीचा साप्ताहिक गोषवारा: थकबाकी जुळत नाही तेव्हा या चुका टाळा

मागच्या शनिवारी थकबाकी होती 8,40,000. या आठवड्यात 2,10,000 च्या पावत्या फाटल्या. म्हणजे आता 6,30,000 उरायला हवेत, पण विद्यार्थीनिहाय यादीची बेरीज येते 6,90,000. अशा वेळी बरेच जण गोषवाऱ्यात यादीचा आकडा टाकून मोकळे होतात. ही पहिली चूक. फरक 60,000 चा आहे आणि तो कशाचा, हे त्याच दिवशी सापडतं. महिन्याभराने शोधायला बसलात तर डोकं धरायची वेळ येते.

पावत्या पुन्हा चाळल्यावर दिसलं, की 35,000 काही पालकांनी पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ भरले होते. तो हप्ता अजून देय झालेलाच नाही, त्यामुळे थकबाकी त्याने कमी होणार नाही. 10,000 विलंब शुल्काचे होते, जे मागच्या थकबाकीत धरलेच नव्हते. म्हणजे थकबाकीपोटी खरी वसुली 1,65,000 आणि शिल्लक 6,75,000. उरलेले 15,000? गेल्या आठवड्यात जमा दाखवलेला एक चेक वटला नाही. पावती रद्द केल्यावर ती रक्कम पुन्हा थकबाकीत आली आणि आकडा बरोबर 6,90,000 वर बसला.

म्हणजे यादी बरोबर होती, चुकीची होती ती सरळ वजाबाकी. म्हणून वसुलीचा एकच आकडा देऊ नका. थकबाकीपोटी, आगाऊ आणि विलंब शुल्क असे तीन वेगळे रकाने ठेवा. चेक हातात आला तरी तो वटेपर्यंत 'वटणे बाकी' म्हणून वेगळा दाखवा, मग बाउन्सचा हा घोळ होतच नाही. सवलत मंजूर झाली असेल तर तीही थकबाकीतून वजा होते, पण वसुलीत मिळवायची नसते. फार जण ती पावती फाडून 'भरली' करून टाकतात आणि मग रोकड जुळत नाही.

एक्सेलमध्ये गोषवारा करणाऱ्यांची आणखी एक खोड म्हणजे तारखेच्या जागी `TODAY()`. शनिवारचा अहवाल प्राचार्यांनी सोमवारी उघडला आणि मध्ये एखाद्या हप्त्याची मुदत आली, तर थकबाकी आपोआप फुगते. लेखनिक म्हणतो एक, पडद्यावर दिसतं दुसरंच. अहवालाची तारीख एका चौकटीत हाताने लिहा. E मध्ये हप्त्याची देय तारीख, F मध्ये त्या हप्त्याची बाकी आणि H1 मध्ये अहवालाची तारीख असेल तर:

```
=SUMIFS(F:F,E:E,"<="&$H$1,F:F,">0")
```

शेवटची `">0"` ही अट विसरू नका. कुणी जास्त भरले असतील तर त्याची बाकी उणे असते, आणि ती दुसऱ्याची थकबाकी गुपचूप झाकते. एकाचे 5,000 जास्त आणि दुसऱ्याचे 5,000 थकलेले, बेरीज शून्य. फोन मात्र कुणालाच जात नाही.