नळ थोडासाच उघडला की शिट्टी मारतो? या चुका टाळा

नळ पूर्ण सोडला तर एकदम गप्प, पण भांडं विसळायला म्हणून पाव आटा उघडला की चीईईई करून असा ओरडतो की बेडरूममधला माणूस विचारतो काय झालं. हा प्रॉब्लेम बऱ्याच घरांत असतो आणि बहुतेक लोक त्यावर दोनपैकी एक गोष्ट करतात, एकतर नळ जोरात आवळून बंद करायची सवय लावून घेतात नाहीतर प्लंबरला बोलावून "वायसर बदल" एवढंच सांगतात. पहिल्याने नळ लवकर खराब होतो आणि दुसऱ्याने कधी आवाज जातो, कधी पंधरा दिवसांनी परत येतो. परत का येतो ते कळायला आधी आवाज कुठून होतो ते बघू.

साध्या आट्याच्या नळात आत एक बारीक गोल भोक असतं, त्याची कड म्हणजे सीट. त्या सीटवर वरून रबराचा वायसर येऊन बसतो, वायसर एका छोट्या पितळी तुकड्याला नटने आवळलेला असतो, त्या तुकड्याला जंपर म्हणतात, आणि जंपर चावीबरोबर फिरणाऱ्या वरच्या स्पिंडलमध्ये दांडीने अडकवलेला असतो. नळ थोडा उघडला की वायसर आणि सीटमध्ये अगदी बारीक फट राहते आणि सगळं प्रेशर त्या फटीतच खर्च होतं. टाकी तुमच्या नळापासून 30 मीटर वर असेल तर प्रेशर चौरस सेंटिमीटरला साधारण 3 किलो, आणि त्या प्रेशरला फटीत पाण्याचा वेग हिशोबाने सेकंदाला 24 मीटरच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे हायवेवरच्या गाडीइतका. वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, त्यामुळे वायसर खाली सीटकडे ओढला जातो, फट मिटत आली की पाणी अडतं आणि मागचं प्रेशर वायसरला परत वर ढकलतं, मग पुन्हा ओढ, पुन्हा धक्का. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि तीच शिट्टी. पण वायसर घट्ट आणि धडधाकट असेल तर तो असा थरथरत नाही, मग नुसता पाण्याचा सूं सूं आवाज येतो. म्हणजे अशा नळात शिट्टी आली की बहुतेक वेळा आत काहीतरी हलतंय, असं धरून चालायचं.

पहिली चूक, आवाज कुठून येतो ते न बघताच नळ खोलणे. पाइपातून आवाज फिरतो, त्यामुळे सिंकच्या नळाचा वाटणारा आवाज खाली पाणी बंद करायला भिंतीवर लावलेल्या अँगल कॉकचा पण असू शकतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, आवाज जिथे फट सगळ्यात बारीक तिथे होतो. नळ थोडाच उघडल्यावर शिट्टी आणि पूर्ण उघडल्यावर शांत, तर दोष नळातच. उलट नळ पूर्ण उघडल्यावरच आवाज सुरू होतो आणि कमी केल्यावर जातो, तर फट आता दुसरीकडे आहे, म्हणजे अर्धवट बंद ठेवलेला अँगल कॉक किंवा मेन कॉक. प्रेशर जास्त आहे, पाणी उडतं म्हणून कोणीतरी अँगल कॉक अर्धा फिरवून ठेवलेला असतो आणि घरात कोणाच्या लक्षात पण नसतं. तो पूर्ण उघडून बघा. शंका असेल तर मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक नळाच्या बॉडीला लावून मूठ कानाला टेकवा, मग अँगल कॉकला लावून ऐका, फरक लगेच कळतो. नळाला तोंडाशी जाळी असेल तर ती पण काढून एकदा नळ चालवून बघा, कचरा साचलेल्या जाळीचा आवाज वेगळा, फुसफुसणारा असतो.

दुसरी चूक म्हणजे वरचा ग्लँड नट आवळणे. नळाच्या चावीखाली जो नट दिसतो तो फक्त स्पिंडलच्या बाजूने पाणी झिरपू नये म्हणून असतो. तो आवळला की चावी जड होते, शिट्टीत काडीचा फरक पडत नाही, कारण वायसर खाली जंपरला आहे आणि ग्लँड वर आहे. तरी लोक आवळतात, हाताशी तोच दिसतो म्हणून.

आता मुख्य चूक, नुसता वायसर बदलणे. यासाठी एक केस सांगतो. ठाण्याला 14 मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमच्या मावशीचा किचनचा नळ, साधा पितळी आट्याचा. दुपारी आणि रात्री जास्त शिट्टी, सकाळी कमी. सकाळी सगळे मजले पाणी वापरतात म्हणून खाली प्रेशर पडतं, रात्री कोणी वापरत नाही मग सगळं प्रेशर तिच्याच नळाला येतं. गच्चीवरची टाकी 11 मजले वर, म्हणजे 33 मीटरच्या पुढे, साडेतीन किलोच्या आसपास प्रेशर. प्लंबरने आधी एक वायसर बदलून दिला होता, थोडे दिवस शांत आणि मग परत सुरू.

मेन कॉक बंद केला, सिंकचा नळ सोडून पाइपातलं पाणी काढलं, सिंकच्या जाळीवर फडकं टाकलं (नट आत पडला की गेला!), चावी काढली आणि पान्याने वरचा भाग खोलला. पाना लावताना नळाची बॉडी दुसऱ्या हाताने नीट धरून ठेवायची, नाहीतर भिंतीतला आटाच फिरतो आणि मग शिट्टीपेक्षा मोठं काम निघतं. वायसर बघितला तर नवाच होता, कडक पण नव्हता. पण जंपर बोटात धरून हलवला तर वायसर बोटाने गोल फिरत होता, खालचा छोटा नट सैल. आणि जंपरची दांडी स्पिंडलच्या भोकात टाकून उलटं करून हलवली तर खडखड वाजत होती, कारण भोक झिजून मोठं झालेलं. म्हणजे वायसर नवीन आणि त्याला धरणारं सगळं ढिलं, मग तो थरथरणार नाही तर काय होईल. प्लंबरने चुकीचं काही केलं नव्हतं, फक्त अर्धंच बघितलं होतं.

मग काय केलं, तर जंपर वायसरसकट दुकानात नेला आणि स्पिंडलसकट पूर्ण वरचा भाग नवीन घेतला, कारण नुसता जंपर बदलून झिजलेल्या भोकात तो परत हललाच असता. वायसर किंवा जंपर घेताना जुना नमुना सोबत न्या, अर्ध्या इंची नळाचा म्हणून मागितलं तरी मापं थोडी इकडेतिकडे असतात, लहान वायसर सीटवर नीट बसत नाही आणि मोठा बॉडीला घासतो. नट आवळताना वायसर बोटाने फिरायचा थांबला की बास, त्यापुढे आवळला की रबर मधोमध फुगतं आणि कड वर उचलली जाते, मग परत तीच फडफड.

सीट बघायची राहिली तर काम अर्धंच. आवाजावर बोलताना लोक वायसरबद्दल बोलतात, सीटबद्दल कोणी नाही. नळ उघडाच आहे तर आत टॉर्च मारा आणि करंगळी सीटच्या कडेवरून फिरवा, किंवा कापसाचा बोळा फिरवा, कड खराब असेल तर कापसाचे धागे अडकतात. बरेच दिवस टपकणाऱ्या नळात पाण्याची बारीक धार सीटच्या पितळाला एका जागी घासून खाच पाडते, त्या खाचेतून पाणी तिरकं घुसतं आणि एका बाजूने वायसर हलवत राहतं. इथे लोक बोटावर सँडपेपर गुंडाळून सीट घासतात, हे करू नका, हाताने सपाट घासलं जात नाही, एक बाजू खाली जाते आणि आता नळ टपकणार सुद्धा. यासाठी सीट कटर मिळतो, नळाच्या आट्यातच बसतो, हलक्या हाताने थोडं थोडं फिरवायचा आणि प्रत्येक वेळी बोट फिरवून बघायचं. प्लंबरकडे हा नसतो असं बरेचदा होतं, तेव्हा खाच खोल असेल आणि नळ साधा असेल तर मी सरळ नळच बदलतो, त्यात वेळ घालवत नाही. काही मिक्सरमध्ये सीट वेगळी, आट्यांवर बसवलेली असते, ती ढिली झाली तर ती पण थरथरते, ती एल कीने आवळून बघा आणि आटे खराब असतील तर ती बदलता येते.

आणि प्रेशर. सगळं नवीन टाकून पण शिट्टी येत असेल तर शिट्टी चालू असताना बाथरूमचा नळ पूर्ण सोडून बघा. आवाज लगेच खाली आला तर प्रेशरच जास्त आहे. यावर अँगल कॉक अर्धा बंद करणे हा उपाय नाही, नळाची शिट्टी बंद होते आणि अँगल कॉकची सुरू होते. वरच्या टाकीतून लांब लाइन खाली येत असेल तर खालच्या मजल्यांसाठी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावायचा असतो, आणि तो बिल्डिंगच्या शाफ्टमधल्या सगळ्यांच्या लाइनवर लागतो म्हणून हा सोसायटीचा विषय आहे, एकट्याने करायचा नाही. तो आधीच बसवलेला असेल तर सेटिंग कुणी वाढवलंय का ते विचारा. मावशीच्या लाइनवर असा काही व्हॉल्व्हच नव्हता, तरी स्पिंडल बदलल्यावर शिट्टी गेली, फक्त रात्री सूं सूं राहिला, तो प्रेशरचा.

शेवटचं, पाव आट्यात चालू-बंद होणारा नळ असेल तर आत वायसर शोधत बसू नका, त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात. तिथे शिट्टीचं कारण बहुतेक वेळा चकत्यांमध्ये अडकलेला वाळूचा कण किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार, नाहीतर तळाची रबरी रिंग दबून वाकडी झालेली. आतला भाग पूर्ण काढून साध्या पाण्यात नीट धुवा, क्षार असेल तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून परत धुवा, बाथरूमचं ॲसिड मात्र वापरू नका, रबर आणि क्रोम दोन्ही जातं. चकतीची कड तुटलेली दिसली तर सरळ आख्खा पार्ट बदला. आणि परत बसवण्याआधी मेन कॉक हळूच उघडून रिकाम्या बॉडीतून थोडं पाणी वाहू द्या, वर बादली उलटी धरून, कारण लाइनमध्ये हललेला कचरा नव्या चकत्यांमध्येच जाऊन बसतो.