एचबी साडेसात आणि ईएसआर चार

डीएमएलटी संपवून मी नागपुरातल्या एका लॅबमध्ये लागले, तेव्हा मला ईएसआर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी किती वेगानं खाली बसतात ते मोजणं, ही सगळ्यात सोपी तपासणी वाटायची. सायट्रेट मिसळलेलं रक्त वेस्टरग्रेन नळीत शून्यापर्यंत भरायचं, नळी सरळ उभी करायची आणि तासाभरानं वर किती मिलिमीटर प्लाझ्मा मोकळा झाला ते वाचायचं. आता नव्यानं लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात याच तपासणीबद्दल सांगते, आणि सांगताना एका पोराची केस काढते.

उमरेडकडचा सतरा वर्षांचा मुलगा. तीन दिवस ताप, नडगी इतकी दुखत होती की पाय टेकवत नव्हता. हिमोग्लोबिन ७.४ आणि ईएसआर ४. 'ईएसआर नॉर्मल' म्हणून मी रिपोर्ट सहीसाठी पुढे केला. आमच्या सीनियर ताईंनी तो परत माझ्यासमोर ठेवला. "काहून गं, एचबी पाहिलं का? एवढ्या कमी रक्तात ईएसआर चार येते का?"

त्यांचा प्रश्न समजायला नळीत काय चालतं ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. लाल पेशींवर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून दूर राहतात. शरीरात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, या दूर ढकलण्याला आवर बसतो आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटतात. चळत जड, म्हणून लवकर खाली बसते. ॲनिमियात पेशीच कमी, त्यामुळे अडथळा कमी आणि बसण्याचा वेग आणखी जास्त. म्हणजे ताप आणि ७.४ हिमोग्लोबिन असलेल्या माणसाचा ईएसआर वर जायला हवा होता. ४ हा आकडाच संशयास्पद होता.

आधी आमची चूक शोधली. सॅम्पलमध्ये गुठळी असेल तर फायब्रिनोजेन तिथेच खर्च होतं आणि ईएसआर खोटा कमी येतो. काडी फिरवून पाहिलं, गुठळी नव्हती. नवीन रक्त घेतलं, पुन्हा लावलं: ५. (उलटी चूक आपल्याकडे मे महिन्यात होते. एसी बंद पडला आणि खोली तापली की ईएसआर वाढून येतो. नळी थोडी जरी कलली तरी तेच.)

मग ताईंनी काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताचा स्मिअर बघायला लावला. मायक्रोस्कोपखाली विळ्यासारख्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. विळ्यांची चळत लागत नाही! फायब्रिनोजेन कितीही वाढलं तरी या पेशी सुट्या राहतात आणि सावकाश बसतात. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसीत एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेल आजार निघाला. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण इतके आहेत की इथल्या टेक्निशियनला ही गोष्ट पहिल्या दिवशीच माहीत असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

त्याच सॅम्पलचा सीआरपी आला ११८ मिलिग्रॅम प्रति लिटर. दाह असला की सीआरपी यकृतात तयार होतं आणि आपण ते प्रथिन थेट मोजतो, त्यामुळे पेशीच्या आकाराशी त्याला देणंघेणं नसतं. पण इथेही मी घाई केली. "म्हणजे हाडात इन्फेक्शनच ना?" असं विचारल्यावर पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी थांबवलं. सिकलसेलच्या नुसत्या वेदनेच्या झटक्यातही सीआरपी चढतं. दाह आहे एवढंच ते सांगतं, कुठे आणि कशामुळे ते सांगत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी ब्लड कल्चर आणि एमआरआय केलं. कल्चरमध्ये साल्मोनेला वाढला. सिकलसेलमध्ये हाडाच्या इन्फेक्शनला हा जंतू बऱ्याचदा कारण असतो.

मधेच त्याचे वडील घाबरून आले. आदल्या दिवशीच्या दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर सीआरपी ९.६ होता, आता ११८. एका दिवसात बारा पट? मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिथलं एकक होतं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दहानं गुणलं की ९६. वाढ होती, पण बारा पट नव्हती. आकड्याआधी एकक वाचायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी सीआरपी ६२, सातव्या दिवशी १८. रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं, म्हणून नवीन तयार होणं थांबलं की आकडा दिवसांत उतरतो. इथे तो त्याहून सावकाश उतरला, म्हणजे हाडातला दाह अजून विझत होता. ईएसआर मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ४ ते ६ मध्येच राहिला. मुलगा तळमळत होता तेव्हाही तेवढाच आणि पाय टेकवून चालायला लागला तेव्हाही तेवढाच.

त्यानंतर आमच्याकडे स्मिअरमध्ये विळे दिसले की ईएसआरच्या आकड्याखाली ओळ जाते: 'सिकल पेशी आढळल्या, ईएसआरवरून दाहाचा अंदाज बांधू नये.'