आधी आवाज बंद, मग चित्र बंद

सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं की दोन चॅनेलच्या त्याच दिवसाच्या क्लिप घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. समजा, एकाकडे ड्रोनमधून नुसतं पाणीच पाणी, दुसऱ्याकडे आयर्विन पुलावर पाणी बघत उभी निवांत माणसं. आता खालची पट्टी वाचा: ‘सांगली बुडाली’ की ‘पातळी ४१ फूट’? (पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५.) मग स्क्रीन झाकून फक्त ऐका आणि क्रियापद पकडा. ‘पाणी वाढलं’ म्हटलं की दोष पावसाचा, ‘कोयनेतून पाणी सोडलं’ म्हटलं की धरणवाल्यांचा. ड्रोनचं दृश्य जुनं वाटलं, तर पुलाच्या कमानी किती बुडाल्यात ते दोन्ही क्लिपांत जुळवून बघा.